ठोका चुकतोय की लवकर येतोय? ऑक्सिमीटरवर ४१ आणि रात्रीचा दीड

कपाशी_दारव्हा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय. छातीत मधूनच धस्स होणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि शेवटी माझेही दोन प्रश्न आहेत.

वय ३७. दारव्हा तालुक्यात सात एकर, अर्धी कपाशी, अर्धं सोयाबीन. बीपी-शुगर नाही. खर्रा आहे, दिवसाला चार-पाच. बाबा दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर अटॅकने गेले, तेही "गॅस झाला" म्हणत म्हणत. हे आधीच सांगून ठेवतो.

महिन्याभरापूर्वी सोयाबीन काढणीत दोन दिवस हगवण लागली. घरचंच मीठ-साखरेचं पाणी पीत राहिलो, कामही चालूच. तिसऱ्या रात्री डाव्या कुशीवर झोपलो होतो तर छातीत कबूतर फडफडल्यासारखं झालं, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग आतून कोणी दरवाजा ठोठावल्यासारखा एक दणका. पुन्हा तेच. नाडी धरली तर मधला ठोका गायबच. कोरोनातला ऑक्सिमीटर कपाटात होता, बाबांसाठी घेतलेला. बोट घातलं. ऑक्सिजन ९८, पण खाली `PRbpm` ४१. दुसऱ्या बोटाला ४०. बायकोला लावलं तर ७६.

रात्री दीड वाजता चुलतभावाची बोलेरो काढली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी दवाखान्यात पोचेपर्यंत हाताला मुंग्या, तोंडाला कोरड, जबडा आखडलेला. तिथे ड्युटीवरच्या मुलाने बोटाला यंत्र लावलं, ४२ बघितलं आणि ईसीजी काढायच्या आधीच म्हणाला, "ठोके फार कमी आहेत, बहुतेक पेसमेकर लागेल, पैशाची सोय करून ठेवा." बायको तिथेच खाली बसली.

अर्ध्या तासाने मोठे डॉक्टर आले, त्यांनी ईसीजी काढायला लावला. ठोके ८२! बोटाला ४१ आणि कागदावर ८२. त्यांनी दोन मिनिटांत समजावलं, पण मला तेव्हा काही शिरलं नाही. रक्तात पोटॅशियम ३.३ निघालं, ते भरून काढलं. टूडी इको झाला, पंपिंग ६० टक्के, झडपा चांगल्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन ठीक. रिपोर्टवर "व्हीपीसी, बायजेमिनी" लिहिलंय. पुढच्या आठवड्यात २४ तासांचं होल्टरही लावलं.

आता दिवसातून काही वेळा सुटा एखादा दणका बसतो. पण रात्री नाडी धरल्याशिवाय झोप येत नाही. प्रश्न दोन. निम्मे ठोके गेले कुठे होते? आणि "काही नाही, निर्धास्त राहा" म्हणतात तर मग रात्रीच का एवढं जाणवतं?

सावजी_रस्सा

भाऊ, हा शंभर टक्के गॅस. मलाही जेवण जड झालं की असंच फडफडतं, एक मोठी ढेकर आली की बंद. ईनो घ्या, रात्री उशिरा जेवू नका. होल्टर-बिल्टर सगळे पैसे काढायचे धंदे.

पळसफूल

मी उपकेंद्रावर नर्स आहो. सावजीभाऊ, कपाशीभाऊचे बाबा कसे गेले ते वाचलं का तुम्ही? मंग गॅस काहून म्हणता?

बोटाच्या यंत्राचं एक सांगून ठेवते. आमच्याकडे बायका येतात, "ताई, माही नाडी चाळीसच दाखवते." आपण काय करायचं, एक हात मनगटावर आणि स्टेथो छातीवर, पुरा एक मिनिट घड्याळ लावून. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर फसगत होते. कधी कधी छातीवर ऐंशी भरतात आणि मनगटावर चाळीस. मंग समजायचं का ठोके कमी नाहीत, हातापर्यंत पोचत नाहीत. मी त्याईले सरळ ईसीजीले पाठवते. दोन्हीकडे चाळीसच भरले आणि माणूस गळपटला असला तर मात्र गाडी बोलवते.

आणि घरचं मीठ-साखरेचं पाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम नसते. पाकिटाच्या ओआरएसमंधी असते. हगवणीत दोन-दोन दिवस काम केल्यावर हे होणारच होतं.

कडुनिंब

पळसफूलताईंनी अर्धं काम केलं. मी फिजिशियन, तालुक्याच्या गावी बावीस वर्षं. कपाशीभाऊ, तुम्हाला तपासलेलं नाही, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच बोलतोय.

आपण म्हणतो "काळजाचा ठोका चुकला". भाषा म्हणून सुंदर आहे, पण इथे ठोका चुकत नाही, वेळेआधी येतो. हृदयाला ताल देणारी गाठ वरच्या उजव्या कप्प्यात असते. कधीकधी खालच्या कप्प्यातली एखादी जागा तिची वाट न बघता मध्येच ठिणगी टाकते, आणि तो ठोका घाईत पडतो. हीच तुमची व्हीपीसी.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलेला हापसा आठवा. घाईघाईने दांडा मारला तर नुसता खडखडाट, पाणी थेंबभर. जरा थांबून मारला की भसकन बादलीत. हृदयाचंही तेच. दोन ठोक्यांच्या मधे ते भरतं. भरायच्या आधीच आकसलं तर बाहेर जेमतेम रक्त पडतं, मनगटाला आणि बोटाच्या यंत्राला ते कळतच नाही. त्यानंतर थोडा जास्त वेळ थांबा लागतो, तेवढ्यात कप्पा गच्च भरतो, आणि पुढचा ठोका नेहमीपेक्षा जोरात बसतो. तुमचा तो दरवाजा ठोठावल्याचा दणका हा आजारी ठोका नाहीच, तो भरपूर भरलेला चांगला ठोका आहे. दचकवतो तोच, म्हणून बदनाम.

तुमच्याकडे त्या रात्री एक चांगला, एक घाईचा, एक चांगला, एक घाईचा असं चाललं होतं. त्याला बायजेमिनी म्हणतात. ईसीजीवर दोन्ही मोजले, ८२ झाले. बोटावर फक्त चांगले पोचले, ४१. पहिल्या मुलाने यंत्रावर भरवसा ठेवला, कागद बघितला नाही. पेसमेकरचा विषय निघायलाच नको होता.

होल्टरचे आकडे टाका. एकूण ठोके, व्हीपीसी किती, आणि सलग तीन किंवा जास्त आल्या का.

अकोला_ते_पुणे

स्मार्टवॉचचंही हेच होतं का? मला घड्याळ रात्री "लो हार्ट रेट" म्हणून उठवतं.

कडुनिंब

होय, तेही मनगटातला रक्तप्रवाह प्रकाशाने मोजतं, त्यामुळे तोच घोळ होऊ शकतो. पण व्यायाम करणाऱ्याचे झोपेत पंचेचाळीस खरेही असतात. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर धडधडताना काढून ठेवा, डॉक्टरला दाखवायला बरं. नसेल तर रात्री अलार्म बंद करा.

कपाशी_दारव्हा

डॉक्टरसाहेब, हापशाचं उदाहरण डोक्यात बसलं. आमचा गावठाणातला असाच आहे, मार्चनंतर दहा हापशांना एक घागर.

होल्टर: २४ तासांत एकूण ठोके ९८,४००. व्हीपीसी १,४७६. सलग तीन एकदाही नाही. जोड्या ४.

आता गंमत. त्यांनी एक बटण दिलं होतं, जाणवलं की दाबा. मी १४ वेळा दाबलं. त्यातल्या ९ वेळा खरंच व्हीपीसी होती, ५ वेळा कागदावर एकदम नीट ठोके, काहीच नव्हतं. आणि दुपारी ११ ते १२ मध्ये, घरी वेचलेल्या कापसाचं वजन चालू होतं, त्या एका तासात १३१ पडल्या. मी एकदाही बटण दाबलं नाही! व्यापाऱ्याशी काट्यावरून भांडत होतो. रात्री १० ते ११ मध्ये फक्त ३८, आणि तेव्हा ६ वेळा बटण. तो रिपोर्ट मी चार वेळा वाचला.

सावजी_रस्सा

दीड हजार म्हणजे कमी आहेत का हो डॉक्टर? मला तर ऐकूनच धडकी भरली.

कडुनिंब

सावजीभाऊ, ९८,४०० मध्ये १,४७६ म्हणजे दीड टक्का. चांगल्या-भल्या माणसाला होल्टर लावलं तरी काही ना काही निघतातच. दहा टक्क्यांच्या वर गेलं, म्हणजे रोज दहा हजारांच्या पुढे, आणि तेही महिनोन्महिने, तर आम्ही कान टवकारतो, कारण काहींचा कप्पा त्याने हळूहळू थकतो. तेव्हा इको पुन्हा करत राहतो, गोळ्या देतो, कधी ती जागाच जाळून टाकतो. दीड टक्का, इको चांगला, सलग तीन नाहीत, शुद्ध हरपलेली नाही. यात हृदय थकवणारं काही दिसत नाही.

काळजी केव्हा? धावता-चढताना डोळ्यापुढे अंधारी येऊन पडला, पळताना ठोके जास्त बिघडले, छातीत दाब किंवा धाप, आधी अटॅक येऊन गेलेला, घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं. यातलं काहीही असेल तर हा धागा बंद करा आणि दवाखाना गाठा. कपाशीभाऊ, बाबांचं वय काय होतं?

कपाशी_दारव्हा

६४. बीडी ४० वर्षं, शुगर.

कडुनिंब

मग त्यांचं कारण बहुतेक रक्तवाहिन्यांचं, तुमच्या व्हीपीसीचा त्याच्याशी सरळ संबंध नाही. पण खर्रा आहे, म्हणून कोलेस्टेरॉल आणि बीपी वर्षातून एकदा बघत चला. ते वेगळं खातं आहे.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या होल्टरने त्याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं दिलंय. १३१ पडल्या तेव्हा मन काट्यावर होतं. ३८ पडल्या तेव्हा मन छातीत होतं. रात्री घर शांत, डाव्या कुशीवर हृदय बरगडीला टेकलेलं, नाडी मंद असल्याने घाईच्या ठोक्याला मधे शिरायला जागा मोठी. त्यात भीती. भीतीने अड्रेनालिन वाढतं. त्याने एक तर ठिणग्या जास्त पडतात, दुसरं म्हणजे प्रत्येक ठोका जोरात बसतो. म्हणून कागदावर नीट असलेले पाच ठोकेही तुम्हाला "तेच" वाटले. ते खोटं नव्हतं, जोरात आपटलेले खरे ठोके होते. बोलेरोतल्या मुंग्या आणि आखडलेला जबडा म्हणजे घाबरून भरभर श्वास घेतल्याने झालेलं, हृदयाचं नव्हे.

रात्रपाळी_चंद्रपूर

डॉक्टरांचं बरोबर, पण ज्याला होतं त्याला हे समजून काही थांबत नाही. मी सहा वर्षं यातून गेलोय. वीज केंद्रात शिफ्ट. झोपेचं खोबरं, कॅन्टीनचा चहा सहा-सात कप. चार इको, तीन होल्टर, एक अँजिओग्राफीपण करून बसलो, सगळं नॉर्मल. प्रत्येक वेळी घरी येताना वाटायचं सुटलो, तिसऱ्या दिवशी वाटायचं की त्यांच्याकडून काहीतरी निसटलं असणार.

मी जेवताना डाव्या हाताने मानेतली नाडी धरायचो. लेकीने विचारलं, "बाबा, गळा दुखते का?" तेव्हा लाज वाटली. शेवटी मानसोपचारवाल्यांकडे गेलो. त्यांनी हृदयाचं काही विचारलंच नाही. विचारलं, दिवसातून नाडी किती वेळा बघता? मी म्हटलं दहा-बारा. बायको म्हणाली चाळीस. त्यांनी सांगितलं, आता चार दिवस एकदाही नाही, दणका बसला तरी नाही, हातातलं काम सोडायचं नाही. पहिले दोन दिवस हात बांधून ठेवावेसे वाटले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की दणका बसून गेला आणि मी भाजी निवडतच होतो.

अजून येतात. परवा लग्नात वीस-पंचवीस जाणवले. पण आता तो पाहुणा उंबऱ्यातूनच परततो.

पळसफूल

भाऊ, ऑक्सिमीटर आधी घरातून काढा. आमच्या उपकेंद्रावर द्या, इथं खरंच लागते.

गोंडवन

आईच्या नाडीचं विचारायचं होतं. वय ७१, गडचिरोलीकडे राहते. तिचीही नाडी अशी चुकते, मग तिलाही हेच असणार ना? म्हणजे काळजीचं नाही? ती म्हणते फडफड होत नाही, पण चढावर दम लागतो आणि मोजायला गेलं तर एक ठोका लवकर, एक उशिरा, एक हलका, काही तालच नाही. मी तिला सांगितलं की धाग्यावर डॉक्टर म्हणालेत हापशासारखं असतं.

कडुनिंब

गोंडवन, थांबा! आईला ते सांगू नका. हा धागा ३७ वर्षांच्या, ईसीजी-इको झालेल्या माणसाचा आहे. कपाशीभाऊंच्या नाडीत मूळ ताल असतो, मधे एखादा तुटतो. तुम्ही सांगताय त्यात तालच नाही. ७१ व्या वर्षी असं असेल तर वरचे कप्पे थरथरत असण्याची शक्यता मोठी, आणि त्यात गुठळी होऊन लकवा बसू शकतो. फडफड जाणवते की नाही यावरून काही ठरत नाही, कित्येकांना काहीच जाणवत नाही. या आठवड्यातच ईसीजी. बारा पट्ट्यांचा साधा ईसीजी ग्रामीण रुग्णालयातही निघतो. दम बसल्याजागी लागला किंवा हात-तोंड वाकडं झालं तर मात्र त्याच क्षणी निघा.

सावजी_रस्सा

मग माझ्या ढेकरेचं काय? ढेकर आली की थांबतं हे खोटं आहे का?

कडुनिंब

खोटं नाही. पोट फुगलं की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, पोट आणि हृदय यांना जाणारी नसही सामायिक आहे. काहींना भरल्या पोटी ठोके जास्त पडतात, हे आम्ही बघतो. पण गॅसने ठोका चुकतो हे खरं असलं तरी ठोका चुकला म्हणजे गॅसच, असं उलटं होत नाही. तुम्ही एकदा तरी ईसीजी काढलाय का?

सावजी_रस्सा

नाही.

अकोला_ते_पुणे

एक शंका. ठोके थांबवायची गोळीच का देत नाहीत? बंदच करून टाकायचे ना.

कडुनिंब

डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. अटॅक येऊन गेलेल्यांना व्हीपीसी धोक्याच्या असतात, म्हणून त्या दाबणाऱ्या गोळ्या दिल्या गेल्या. मोठा अभ्यास झाला, १९८९ मध्ये निकाल आला: ठोके कमी झाले, पण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त. तेव्हापासून नुसता कागद सुधारायला औषध देत नाहीत. चांगल्या हृदयात फार त्रास असेल तर बीटा ब्लॉकर देतो. त्याने दणक्याचा जोर कमी होतो, ठोके काही वेळा कमी होतात, काही वेळा तेवढेच राहतात. दमेकऱ्याने मनाने घेऊ नयेत.

कपाशीभाऊंना माझ्याकडून गोळी नसती. खर्रा निम्म्यावर, मग बंद. निकोटीन हे त्या ठिणगीला फुंकर घालतं. झोप. हगवण लागली तर पाकिटाचं ओआरएस. चहा दोन आठवडे सोडून बघा, फरक पडला तर पडला, सगळ्यांना चहाने होतं असं नाही.

रात्रपाळी_चंद्रपूर

मॅग्नेशियमच्या गोळ्या घेणारे आमच्या ग्रुपवर लई आहेत. मला काही फरक पडला नाही.

कडुनिंब

रक्तात कमी असेल तर उपयोग होतो. नसेल तर माझ्या पेशंटांत निम्मे "बरं वाटलं" म्हणतात, निम्मे "जुलाब झाले" म्हणतात. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही विचारल्याशिवाय घेऊ नये.

कपाशी_दारव्हा

तीन आठवड्यांनी परत येतोय.

ऑक्सिमीटर उपकेंद्रावर देऊन टाकला. पहिल्या रात्री बायको झोपल्यावर कपाटात हात घालून शोधला, नाहीये हे माहीत असून. खर्रा पाचवरून दोनवर आलाय, बंद नाही झाला, खोटं बोलत नाही. चहा सोडून बघितला, काही फरक नाही, पुन्हा सुरू.

ठोके येतात. परवा सकाळी कपाशी वेचताना एक जोरदार बसला. थांबलो नाही, ओळीच्या टोकापर्यंत गेलो. चालायला लागलो की नाहीसे होतात, हे मात्र मला आपोआपच कळलं.

रात्री अजून अवघड आहे. डॉक्टर म्हणतात डाव्या कुशीवर जास्त जाणवतं, पण मी जन्मभर डाव्या कुशीवरच झोपलोय. उजव्या कुशीवर वळलो की बाबांची खाट समोर येते. रिकामी आहे, पण हलवलेली नाही. मला वाटतं ठोक्यांपेक्षा ते जास्त असेल. एवढंच.

पळसफूल

खाट हलवा भाऊ. नाहीतर वहिनीले सांगा हलवाले.

गोंडवन

आईचा ईसीजी झाला. डॉक्टरसाहेबांचा अंदाज बरोबर, वरचे कप्पे थरथरतात म्हणाले. रक्त पातळ करायची गोळी सुरू केली आणि इकोला नागपूरला पाठवलंय. आई विचारते, गोळी किती दिवस घ्यायची? आणि ती दर एकादशीला उपास करते, रिकाम्या पोटी घेतली तर चालेल का? गोळीचं नाव पाकिटावरून वाचून संध्याकाळी टाकतो.